न हलणारी मुदत: टप्पे, जोडलेली कामं आणि इशारा तारखा कशा लावाव्यात

नियमाने ठरवून दिलेली मुदत आपल्या सोयीने सरकत नाही. आपली कामं मात्र सरकतातच. म्हणून तक्त्यात दोन तारखा वेगळ्या ठेवायच्या: नियमाने दिलेली तारीख आणि कामांच्या हिशोबाने निघणारी तारीख. बहुतेक तक्ते इथेच फसतात. शेवटच्या ओळीत ‘30 सप्टेंबर’ असं हाताने टाइप केलेलं असतं. मधली कामं कितीही रेंगाळली तरी ती ओळ 30 सप्टेंबरच दाखवत राहते आणि सगळं सुरळीत असल्याचा भास होतो.

एक उदाहरण घेऊ. एका संस्थेला 30 सप्टेंबर 2026 पर्यंत वार्षिक अहवाल दाखल करायचा आहे. कामं पाच आहेत आणि एक संपल्यावरच पुढचं सुरू होतं. आकडे गोळा करायला 10 दिवस, मसुद्याला 8, बाहेरच्या तपासनिसाला 10, दुरुस्त्या आणि सह्यांना 5 आणि दाखल करायला 1. हे सगळे कामाचे दिवस, शनिवार-रविवार सोडून.

आधी नियमाचा मजकूर नीट वाचा. त्या तारखेला अहवाल पाठवलेला असला की पुरे, की समोरच्याला मिळालेला असायला हवा? शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढे जाते की नाही? शेवटचा टप्पा काय, हे या उत्तरांवर ठरतं. मी तर शेवटचा टप्पा ‘अहवाल पाठवला’ असा लिहीतच नाही, ‘पोच मिळाली’ असा लिहितो. मधले टप्पेही असेच डोळ्यांनी बघता येण्यासारखे हवेत. ‘मसुदा जवळजवळ तयार’ हा टप्पा नव्हे. ‘मसुदा तपासनिसाच्या हातात’ हा टप्पा.

आता साध्या स्प्रेडशीटमध्ये तक्ता मांडा. पहिली ओळ शीर्षकांची, कामं ओळ 2 ते 6. `A` मध्ये काम, `B` मध्ये लागणारे दिवस, `C` मध्ये सुरुवात, `D` मध्ये अपेक्षित अखेर, `E` मध्ये प्रत्यक्ष संपल्याची तारीख. `C2` मध्ये सुरुवातीची तारीख, 3 ऑगस्ट 2026, एकदाच हाताने टाका. बाकी तारखा सूत्रांनी निघू द्या.

```
D2: =IF(E2<>"",E2,MAX(WORKDAY(C2,B2-1),TODAY()))
C3: =WORKDAY(D2,1)
```

`D2` चं सूत्र `D6` पर्यंत आणि `C3` चं `C6` पर्यंत खाली ओढा. सुट्ट्यांची यादी वेगळ्या रकान्यात असेल तर ती `WORKDAY` ला तिसरा भाग म्हणून द्या. `TODAY()` चं काम महत्त्वाचं आहे. अपेक्षित अखेर उलटूनही एखादं काम संपल्याची नोंद झाली नाही, तर त्याची अखेर रोज आजच्या तारखेबरोबर पुढे सरकते आणि त्यानंतरच्या कामांची सगळी साखळी ओढून नेते. नोंद करायला विसरलेलं काम मग लपून राहत नाही.

या हिशोबाने आपल्या उदाहरणात अहवाल 17 सप्टेंबरला दाखल होतो. मुदतीपर्यंत कामाचे 9 दिवस सवड उरते. ही सवड शेवटी एकत्रच राहू द्या. प्रत्येक कामात दोन-दोन दिवस लपवून ठेवले की ते तिथेच खर्ची पडतात, आणि कुणी खर्च केले तेही कळत नाही.

पुढे जाण्याआधी जोडणी तपासा. `B2` मधले 10 दिवस क्षणभर 30 करून बघा. शेवटची तारीख 15 ऑक्टोबरवर जायला हवी. ती जागची हलली नाही तर मध्ये कुठेतरी सूत्राच्या जागी टाइप केलेली तारीख बसली आहे. ती शोधा, मग 30 चे पुन्हा 10 करा.

आता उलटी मोजणी. `F` मध्ये प्रत्येक कामाची ‘याच्यापुढे नाही’ अशी तारीख येईल. `F6` मध्ये नियमाची तारीख हाताने टाका आणि तिथून वर चढा:

```
F6: =DATE(2026,9,30)
F5: =WORKDAY(F6,-B6)
```

`F5` चं सूत्र `F2` पर्यंत वर ओढलं की दुरुस्त्या आणि सह्या 29 सप्टेंबर, तपासणी 22 सप्टेंबर, मसुदा 8 सप्टेंबर आणि आकडे 27 ऑगस्ट अशा तारखा निघतात.

इशारा तारीख या तारखेच्या किती आधी ठेवायची? सरसकट आठवडाभर आधी ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. इशारा मिळाल्यावर जो उपाय करणार, त्याला किती दिवस लागतात तेवढं अंतर हवं. मसुदा लांबला तर आपला उपाय म्हणजे तपासनिसाकडून जादा माणूस घेऊन तपासणी लवकर उरकणं. समजा त्यासाठी त्यांना कामाचे पूर्ण 7 दिवस आधी कळवावं लागतं. मग मसुद्याची इशारा तारीख 8 सप्टेंबरच्या 7 दिवस आधी, म्हणजे 28 ऑगस्ट. सह्या लांबल्या तर पर्यायी अधिकाऱ्याची सही चालणार असेल आणि त्याला दोनच दिवस लागणार असतील, तर तिथे दोन दिवसांचं अंतर पुरे. आणि ज्या कामावर काही उपायच नाही, तिथे इशाऱ्यालाही अर्थ नाही. ते काम आधी सुरू करणं एवढंच हातात असतं.

उपायाला लागणारे दिवस `G` मध्ये लिहा आणि पुढचे दोन रकाने असे भरा:

```
H3: =WORKDAY(F3,-G3)
I3: =IF(D3>H3,"इशारा","ठीक")
```

बाकीच्या ओळींनाही हीच सूत्रं लावा. इथे तुलना आजच्या तारखेशी नाही, अपेक्षित अखेरीशी आहे. त्यामुळे इशाऱ्याची तारीख उजाडण्याच्या कितीतरी आधी रकाना बोलू लागतो.

समजा आकडे वेळेवर आले, मसुदा 17 ऑगस्टला सुरू झाला आणि 19 ऑगस्टला लिहिणारा म्हणाला, ‘ठरल्यापेक्षा तीन दिवस जास्त लागतील.’ `B3` मध्ये 8 चे 11 करा. मसुद्याची अखेर 26 वरून 31 ऑगस्टवर जाते आणि `I3` मध्ये ‘इशारा’ येतो. अहवाल आता 22 सप्टेंबरला दाखल होईल, म्हणजे सवड अजून 6 दिवसांची आहे. फक्त शेवटची तारीख बघणारा ‘अजून वेळ आहे’ म्हणून फाइल मिटेल. पण 28 ऑगस्टनंतर जादा माणूस मागवला तर तो 9 सप्टेंबरला, तपासणी उशिरात उशिरा सुरू व्हायच्या दिवशी, हाताशी नसेल. म्हणून तपासनिसाशी 19 तारखेलाच बोलून ठेवायचं. 28 ला मसुदा हातात नसेल तर माणूस मागवायचा, हेही त्याच दिवशी ठरवायचं.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरत असाल तर शेवटच्या टप्प्याला `Must Finish On` ही अट लावण्याचा मोह टाळा. हाताने टाइप केलेल्या तारखेचाच तो प्रकार आहे. त्याऐवजी `Deadline` या रकान्यात नियमाची तारीख भरा. ती वेळापत्रकाला बांधत नाही, फक्त आलेखावर बाणाने दिसते. काम तिच्यापुढे गेलं की `Indicators` रकान्यात लाल खूण येते. मधल्या टप्प्यांच्या इशारा तारखाही `Deadline` मध्येच भरल्या तर `Total Slack` त्या तारखांपासून मोजली जाते, आणि खरी मुदत दूर असतानाही सवड उणे दिसू शकते. म्हणून त्या `Date1` सारख्या मोकळ्या रकान्यात ठेवलेल्या बऱ्या.

तक्ता आठवड्यातून एकदा ताजा करताना ‘किती टक्के झालं?’ असं विचारू नका. नव्वद टक्क्यांवर अडकलेलं काम महिनाभर नव्वदवरच असू शकतं. ‘अजून किती दिवस लागतील?’ असं विचारा, काम सुरू झाल्यापासून गेलेले कामाचे दिवस त्यात मिळवा आणि ती बेरीज `B` मध्ये लिहा.