बाळाची पहिली शी उशिरा झाली? या चुका टाळा

पूर्ण दिवसांच्या बाळाला काळी, चिकट पहिली शी बहुतेकदा 24 तासांत होते आणि 48 तासांत जवळजवळ सगळ्यांनाच होते. कमी दिवसांच्या बाळांना जास्त वेळ लागू शकतो. 48 तास उलटूनही शी झाली नसेल, तर डॉक्टर पोटाकडे वेगळ्या नजरेने बघू लागतात. घरात मात्र तोवर वेगळीच धावपळ सुरू झालेली असते.

शी करवून घेणं आणि ते न सांगणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून बाळाच्या गुदद्वारात सरकवतात. लगेच भसकन हवा आणि शी बाहेर येते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि डॉक्टरांना सांगितलं जातं, "हो, झाली शी." अशाने निदानाचा मोठा धागा हरवतो. आपोआप झालेली शी आणि करवलेली शी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय देठाने किंवा साबणाने आतली नाजूक त्वचा सोलवटते.

त्या भसकन येण्यामागे हिर्शस्प्रुंगचा आजार असू शकतो. आतड्याला हालचाल देणाऱ्या चेतापेशी गर्भात वरून खाली सरकत गुदद्वारापर्यंत पोहोचतात. त्या वाटेत थांबल्या, तर खालचा भाग पेशींविना राहतो आणि सैल पडू शकत नाही. मग वरचं निरोगी आतडं मल साठून फुगत जातं. देठाने तो आवळलेला भाग क्षणभर उघडतो, म्हणून सगळं एकदम बाहेर पडतं. साधारण 5000 बाळांमागे एकाला हा आजार असतो. मुलांमध्ये तो मुलींपेक्षा जास्त दिसतो, आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांतही.

"बद्धकोष्ठ आहे, मोठं झालं की जाईल"

एक नेहमी दिसणारं उदाहरण घ्या. तीन किलोचा मुलगा, पहिली शी तिसऱ्या दिवशी, तीही देठ लावून. मग दर तीन-चार दिवसांनी गुदद्वारात गोळी ठेवल्याशिवाय शी नाही. पोट कायम तट्ट, वजन हळूहळू वाढणारं. "अंगावर पिणाऱ्या बाळाला आठ दिवस शी झाली नाही तरी चालतं" असं कोणीतरी सांगतं. ते खरंही आहे, पण साधारण दीड महिन्यानंतर, आणि पोट मऊ, वजन नीट वाढणारं व शी आपोआप मऊ होत असेल तरच. या बाळात यातलं काहीच नव्हतं.

चौथ्या महिन्यात त्याला ताप आला आणि घाण वासाचे पातळ जुलाब सुरू झाले. "आता तर पोट साफ होतंय" असं समजून घरी ओआरएस दिलं गेलं. हा आतड्याचा दाह होता, हिर्शस्प्रुंगमधला सगळ्यात जीवघेणा धोका. बद्धकोष्ठाच्या बाळाला जुलाब, ताप आणि फुगलेलं पोट एकत्र दिसलं, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा. हिरवी उलटी झाली तरी तेच.

एकाच तपासणीवर विसंबणं

डॉक्टर आधी गुदद्वार बघतात. ते जागेवर आहे का, नीट उघडं आहे का. बारीक छिद्रातून थोडी शी येत असेल तर जन्मजात दोष सहज नजरेतून सुटतो. थायरॉइडची रक्ततपासणी करतात, कारण ते कमी असलं तरी शी अडते. पहिली शी फारच घट्ट होऊन आतडं तुंबलं असेल, तर सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचा विचार होतो.

पुढे गुदद्वारातून औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यात अरुंद भाग कुठे संपतो ते दिसू शकतं, पण तान्ह्या बाळात फरक नेहमीच स्पष्ट नसतो. म्हणून "एक्स-रे ठीक आहे" एवढ्यावर थांबू नये. पक्कं निदान गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून होतं. तिथे दुखणं जाणवत नाही, त्यामुळे लहान बाळात तो सहसा भूल न देता घेता येतो. आणखी एक गोष्ट: पहिली शी 24 तासांत झाली म्हणून हा आजार नाहीच, असं होत नाही.

ऑपरेशन झालं म्हणजे संपलं असं समजणं

ऑपरेशनमध्ये पेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडं खाली जोडतात. त्यानंतरही काही मुलांना बद्धकोष्ठ राहतं किंवा शी नकळत होते, आणि तोच दाह पुन्हा उलटू शकतो. त्यामुळे ताप आणि फुगलेलं पोट दिसलं, तर घरीच औषध देत बसू नका. ऑपरेशन केलेल्या सर्जनला लगेच फोन करा आणि शेवटची शी कधी झाली, आपोआप झाली की करवली, हे आधी सांगा.