रवा फ्रायनंतर उरलेलं तेल
रवा लावून बांगडे तळले की सुटलेला रवा कढईच्या तळाशी बसतो. तेल बिघडवतो तो हाच. पुढच्या वेळी तो जळतो आणि तेल काळं, कडू होतं. म्हणून तेल कोमट झालं की त्याच दिवशी सुती कापडातून गाळा. कापड अगदी कोरडं हवं. गोव्याच्या पावसाळ्यात हेच अवघड! कापड पिळू नका, नाहीतर बारीक गाळ पुन्हा तेलात उतरतो. हे तेल पुन्हा मासळीलाच वापरा, भज्यांना वास लागेल. मध्यम आचेवर मासा घालण्याआधीच धूर आला, फेस विरेना किंवा गार तेल बोटांना चिकट लागलं तर टाकून द्या. त्यात नवं तेल मिसळलं, तर तेही लवकर खराब होतं.