आयईएल्टीएस स्पीकिंग: प्रश्न कळला नाही तर काय म्हणावे?

आयईएल्टीएसच्या स्पीकिंग परीक्षेत 11 ते 14 मिनिटे परीक्षकाशी समोरासमोर बोलायचे असते. गुण चार गोष्टींना मिळतात: अस्खलितपणा व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. ऐकण्याची परीक्षा वेगळी होते, त्यामुळे इथे एखादा प्रश्न पुन्हा विचारायला लावला म्हणून गुण कापले जात नाहीत. खरा तोटा होतो तो अंदाजाने भलतेच उत्तर देण्यात किंवा गप्प बसण्यात.

आधी नेमके काय अडले ते ठरवा. प्रश्न ऐकूच आला नसेल तर "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" एवढे पुरे. नुसते "व्हॉट?" तुटक वाटते. "रिपीट मी" तर चूकच, कारण पुन्हा म्हणायचा असतो तो प्रश्न, तुम्ही नव्हे.

पहिल्या भागात परीक्षक ठरलेले प्रश्न वाचतो. तो प्रश्न पुन्हा वाचेल, पण समजावून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिसऱ्या भागात चर्चा असते आणि तिथे त्याला प्रश्न सोपा करून विचारता येतो. म्हणून शब्दाचा अर्थ विचारायची खरी जागा तिसरा भाग.

समजा, प्रश्न आला: "हॅव पीपल्स हॉबीज बिकम मोअर सेडेंटरी?" अडला तो 'सेडेंटरी' हा एकच शब्द. मग सगळा प्रश्न पुन्हा मागू नका, कारण तोच शब्द पुन्हा कानावर पडेल. "सॉरी, व्हॉट डज सेडेंटरी मीन?" असे थेट विचारा. थोडा अंदाज असेल तर आणखी बरे: "डू यू मीन हॉबीज व्हेअर वी जस्ट सिट?" यात तुमचे इंग्रजीही दिसते.

प्रश्न कळला, पण सुचत नाही? "आय हॅवन्ट रिअली थॉट अबाउट दॅट" म्हणून दोन-तीन सेकंद घ्या. विचार करण्यासाठी थांबणे आणि शब्द शोधत अडखळणे यांत परीक्षक फरक करतो. वरच्या बँडमध्ये पहिले चालते. मात्र हा विराम वाक्य संपल्यावर घ्या. "पीपल आर... अं... सिटिंग... अं..." असे मध्येच तुटले की अस्खलितपणाचे गुण जातात.

"दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन" हे वाक्य शिकवण्यांमधून इतके घोटून घेतले जाते की दुसऱ्यांदा आले की पाठांतर उघडे पडते. त्याऐवजी उत्तराचेच पहिले पाऊल टाका: "आय थिंक इट डिपेंड्स ऑन एज." हे बोलता बोलता पुढचा मुद्दा जुळतो. तरुण मोबाइलवर बसतात, मोठी माणसे फिरायला जातात, असे उत्तर तिथूनच उलगडत जाते.

दुसऱ्या भागात वेळ मागावाच लागत नाही. बोलायच्या विषयाचे कार्ड मिळाल्यावर तयारीला एक मिनिट असते, कागद-पेन्सिलही देतात. ते मिनिट पूर्ण वापरा आणि वाक्ये न लिहिता चार-पाच शब्द टिपून ठेवा.