दुपाखी छपराखालच्या माळ्यात हवा किती? मोजायला चढण्याआधीची तयारी

माळ्यावर एक्झॉस्ट फॅन बसवायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न येतो तो जागेत हवा किती, याचा. दुपाखी छप्पर म्हणजे त्रिकोण. मग रुंदी, आढ्याची उंची आणि लांबी यांचा गुणाकार करून त्याचे निम्मे केले की झाले, असे वाटते. गणित जवळजवळ एवढेच सोपे आहे, फक्त एक माप वाढते. चुका होतात त्या टेप कुठून कुठपर्यंत धरला यात. म्हणून ही तयारी आधी घरात, जमिनीवर बसून करावी. माळ्यावर गेल्यावर घाम आणि धूळ यांत विचार करायला कोणी थांबत नाही.

उदाहरण कोकणातल्या नेहमीच्या घराचे घेऊ: जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, खोल्यांवर तुळया आणि तुळयांवर फळ्यांचा माळा. सर्वांत आधी अंगणात उभे राहून घराच्या दोन्ही टोकांकडे बघा. टोकाची भिंत त्रिकोणी होऊन आढ्यापर्यंत गेलेली असेल तर छप्पर दुपाखी आहे आणि पुढचे सगळे लागू पडते. टोकालाही उतरते पाखे असेल तर ते चौपाखी, आणि त्याला हे सूत्र लावले तर हवा बरीच जास्त निघते. पुढे जे घर मोजणार आहोत तेच चौपाखी असते आणि चारही पाख्यांचा उतार सारखा असता, तर हवा १०.५ घनमीटरने कमी भरली असती. कोकण-गोव्यात चौपाखी घरे भरपूर आहेत, त्यामुळे ही नजर आधी टाकाच.

चढायची वेळ सकाळची ठेवा, कौले तापायच्या आत. माळ्यावरून जुनी वायरिंग गेली असेल तर मेन स्विच बंद करा आणि उजेडासाठी डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. नाकाला मास्क हवाच; उंदरांच्या लेंड्यांची धूळ श्वासात जाणे चांगले नाही. शिडीवर चढून आधी फक्त डोके वर काढा आणि वाशांच्या बेचक्यांतून गांधीलमाश्यांचे पोळे आहे का ते बघून घ्या. पाय नेहमी तुळईच्या रेषेवर ठेवा. फळीवरचे खिळे तुळईची जागा दाखवतात, दोन तुळयांच्या मधली जुनी फळी मात्र भरवशाची नसते. माणसे दोन लागतात. टेपचे दुसरे टोक धरायला कोणी नसेल तर नऊ मीटरची लांबी नीट मोजली जातच नाही.

सामान थोडेच आहे: दहा मीटरचा पोलादी टेप, ओळंबा, सुताची दोरी, खडू, वही आणि पेन्सिल. लेझरचे मोजणी यंत्र असेल तर उत्तम, पण त्याचा ठिपका वाशावर पडला की दोन वाशांमधून थेट कौलावर, हे प्रत्येक मापाला डोळ्यांनी पाहायला हवे. मापे मीटरमध्येच घ्या. फूट-इंचांत घेतलीत तर ६ फूट ३ इंच म्हणजे ६.३ फूट नव्हे, ६.२५ फूट, आणि ही चूक तीनदा झाली की गुणाकारात ती लपून बसते.

आता कोणती मापे घ्यायची ते वहीत आधीच लिहून ठेवा. रुंदी म्हणजे समोरच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत, माळ्याच्या फळ्यांवरून मोजलेली. लांबीही तशीच, एका त्रिकोणी भिंतीच्या आतून दुसरीच्या आतपर्यंत. बाहेरून, वळचणीपासून वळचणीपर्यंत, मोजायचा मोह टाळावा. जांभ्याची भिंत सुमारे ३८ सेंटीमीटर जाड असते आणि वळचण तिच्याही पुढे येते. त्या पुढे आलेल्या भागाखाली माळा नसतो, उघडी हवा असते.

आढ्याची उंची फळ्यांपासून मोजायची. वर कुठपर्यंत, ते ठरवून वहीत लिहायचे. आढ्याच्या लाकडाच्या खालच्या कडेपर्यंत मोजलीत तर वाशांच्या मधली हवा सुटते. म्हणून कौलांच्या आतल्या बाजूपर्यंत मोजा. टेप आढ्याच्या बाजूने सरळ वर जावा, वाशाला टेकून तिरका नको. त्यासाठी ओळंबा आढ्यापाशी धरून फळीवर खडूने खूण करा आणि त्या खुणेपासून वर मोजा. जुने आढे मध्ये थोडे दबलेले असते, त्यामुळे दोन्ही टोकांना आणि मध्यभागी अशी तीन मापे घ्या. आपल्या घरात ती २.११, २.०८ आणि २.११ मीटर आली, सरासरी २.१०.

इथपर्यंत तीन मापे झाली आणि बहुतेक जण इथेच थांबून खाली उतरतात. थांबू नका, चौथे माप राहिले आहे. माळ्याच्या कडेला, भिंतीला अगदी टेकून वाका आणि बघा: फळ्या आणि कौले तिथे एकमेकांना मिळतात का? बहुतेक जुन्या घरांत मिळत नाहीत. तुळया भिंतीत रोवलेल्या असतात, भिंत त्यांच्या वर आणखी एक-दोन थर चढते आणि मग तिच्यावर वासे टेकतात. म्हणजे कडेलाही थोडी उभी भिंत उरते. ही भिंतीची उंची. आपल्या घरात ती फळ्यांपासून कौलांच्या आतल्या बाजूपर्यंत ३५ सेंटीमीटर आहे. आकार मग नुसता त्रिकोण राहत नाही. खाली पसरट आयत आणि त्यावर त्रिकोण होतो.

रुंदी ६.०० मीटर, लांबी ९.०० मीटर. नुसता त्रिकोण धरला तर ६ × २.१० ÷ २ × ९ = ५६.७ घनमीटर. भिंतीची उंची धरून खालचा आयत ६ × ०.३५ = २.१० चौरस मीटर. वरच्या त्रिकोणाची उंची २.१० वजा ०.३५, म्हणजे १.७५, म्हणून त्याचे क्षेत्रफळ ५.२५, दोन्ही मिळून ७.३५ चौरस मीटर, गुणिले ९, म्हणजे ६६.१५ घनमीटर. त्रिकोणाने जवळजवळ साडेनऊ घनमीटर हवा गिळली. एका ओळीत लिहायचे तर असे:

रुंदी × लांबी × (आढ्याची उंची + भिंतीची उंची) ÷ २

या ओळीकडे नीट पाहा. कंसात दोन्ही उंचींना सारखेच वजन आहे. आढ्यापाशी एक सेंटीमीटर चुकला काय किंवा कडेला चुकला काय, उत्तर दोन्हीकडे ०.२७ घनमीटरनेच बदलते. आढ्याची उंची सगळे तीनदा मोजतात. काळोख्या कोपऱ्यातली ती वीतभर उंची मात्र अंदाजाने लिहितात. ती दोन्ही बाजूंना मोजा. दोन्हीकडे वेगळी आली तर आढ्यापासून माळ्याचे दोन भाग करा आणि प्रत्येक भागाला त्याची रुंदी व त्याच्या दोन उंचींची सरासरी लावा. दोन्ही बाजूंना उंची सारखी असेल तर आढे नेमके मध्यावर नसले तरी काही बिघडत नाही, क्षेत्रफळ तेच राहते.

बाहेरून मोजले असते तर काय झाले असते? वळचण दोन्हीकडे ६० सेंटीमीटर आणि टोकांना ३० सेंटीमीटर पुढे आहे असे धरले, तर रुंदी ७.९६, लांबी १०.३६, आणि वळचणीच्या कडेपासून आढ्यापर्यंतची उभी उंची २.३२ मीटर. उत्तर ९५.७ घनमीटरच्या आसपास येते, खऱ्यापेक्षा पंचेचाळीस टक्के जास्त.

आढ्यापर्यंत हात पोचत नसेल, किंवा माप तपासायचे असेल, तर उताराची लांबी उपयोगी पडते. भिंतीच्या आतल्या कडेपासून आढ्यापर्यंत कौलांच्या उताराला समांतर ३.४७ मीटर भरले. ३.४७ चा वर्ग, वजा निम्म्या रुंदीचा म्हणजे ३ चा वर्ग, आणि वर्गमूळ: १.७४. त्यात भिंतीची ०.३५ मिळवली की २.०९, म्हणजे माप बरोबर आहे. पण ही रीत तपासणीपुरतीच ठेवा. या उताराला तिरक्या मापात दोन सेंटीमीटर चुकले तर उंचीत चार सेंटीमीटर चुकतात. मोबाइलवर उताराचा कोन बघून उंची काढायची असेल तर त्याहून जपून: ३० अंशांऐवजी ३१ वाचले की उंची सात सेंटीमीटरने वाढते.

वासे, आढे यांचे लाकूड वजा करायचे का? पाच बाय दहा सेंटीमीटरचे, ३.४७ मीटर लांबीचे ४२ वासे आणि त्यावर आढे धरले तरी लाकूड एक घनमीटरही भरत नाही. फॅनसाठी ते सोडून द्या. मधली भिंत मात्र सोडून चालणार नाही. पुष्कळ घरांत आढे पेलायला एखादी आडवी भिंत थेट छपरापर्यंत नेलेली असते. ती असेल तर माळा एक नसून दोन आहेत. दोन्हींची हवा वेगळी काढा, कारण एका बाजूचा फॅन भिंतीपलीकडची हवा ओढणार नाही.

खाली आल्यावर शेवटचा हिशेब. तासाला वीस वेळा हवा बदलायची ठरवली तर ६६.१५ × २० = १,३२३ घनमीटर दर तासाला. फॅनच्या खोक्यावर सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असे लिहिलेले असेल तर १.७ ने भागा: सुमारे ७८०. एवढी हवा आत यायलाही वाट हवी. झरोक्यातून ती सेकंदाला दीड मीटर वेगाने यावी असे धरले तर पाव चौरस मीटर मोकळी जागा लागते, जाळीच्या तारा वगळून. हा झरोका फॅनच्या समोरच्या त्रिकोणी भिंतीत ठेवा. शेजारी ठेवला तर बाहेरची हवा आत येऊन लगेच परत जाते आणि माळ्याचे दुसरे टोक तापलेलेच राहते. कौलांखाली पत्रा किंवा फळ्या नसतील तर कौलांच्या सांध्यांतूनही हवा येते आणि फॅन आधी जवळचीच ओढतो. अशा घरात समोरच्या झरोक्यापाशी उदबत्ती धरून पाहावी. धूर आत वळत नसेल तर फॅन मोठा घेऊन फायदा नाही, फॅनच्या आसपासचे सांधे आधी बंद करायला हवेत. आणि खाली चूल असेल तर फॅन लावून स्वयंपाकघरात उभे राहा: धूर माळ्याच्या फळ्यांमधून वर ओढला जात असेल, तर झरोका लहान पडतो आहे.