निर्यातदाराचं ऑडिट: परदेशी येणी-देणी तपासताना गुणाकाराच्या आधी काय बघायचं

निर्यातदार कंपनीच्या ऑडिटला पहिल्यांदा जाणाऱ्या आर्टिकलच्या हातात बहुतेक वेळा एक तयार एक्सेल शीट येते. पार्टीचं नाव, डॉलरमधली शिल्लक, ३१ मार्चचा दर, रुपयांतली रक्कम आणि शेवटी फरक. नवखा माणूस गुणाकार तपासतो, टिक मारतो आणि शीट फाइलला लावतो. गुणाकार एक्सेलने केलेला असतो, तो बरोबरच येतो. घोळ असतो त्याच्या आधी. गुणलेली शिल्लक नेमकी कशाची आहे, आणि ती मुळात कोणत्या दराने पुस्तकात आली, हे त्या शीटवर कुठेच दिसत नाही. माझ्या अनुभवात या कामातल्या बहुतेक चुका याच दोन प्रश्नांत सापडतात, म्हणून इथे तेवढंच सविस्तर सांगतो.

नियम थोडक्यात असा. लेखा मानक एएस ११ असो की इंड एएस २१, विक्री ज्या दिवशी झाली त्या दिवसाच्या दराने ती रुपयांत नोंदवायची. वर्षअखेरीला जे येणं किंवा देणं परकीय चलनात पैशाच्या रूपानेच चुकतं होणार आहे, म्हणजे मॉनेटरी आयटम, ते ३१ मार्चच्या दराने पुन्हा मोजायचं आणि फरक नफा-तोटा पत्रकात न्यायचा. पैसे प्रत्यक्ष आले की उरलेला फरक त्या दिवशी घ्यायचा.

आता ३१ मार्चचा दर म्हणजे कोणता? आपल्याकडे बहुतेक कंपन्या एफबीआयएल, म्हणजे फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेचा संदर्भ दर घेतात. २०१८ च्या जुलैपर्यंत हा दर रिझर्व्ह बँक काढायची, तेव्हापासून ते काम एफबीआयएलकडे आहे. सुट्टीच्या दिवशी दर जाहीर होत नाही, म्हणून शेवटच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घ्यावा लागतो. २०२४ मध्ये ३१ मार्च रविवारी आला होता आणि २९ मार्चला गुड फ्रायडे होता, त्यामुळे २८ मार्चचा दर धरावा लागला. अशा वर्षी कुणी एप्रिलमधला पहिला उपलब्ध दर उचललाय का, एवढं जरूर बघा. काही कंपन्या त्यांच्या बँकेचा दर घेतात. तो वाजवी असेल आणि दरवर्षी तोच स्रोत असेल तर माझी हरकत नसते. येण्यांना एका ठिकाणचा दर आणि देण्यांना दुसऱ्या ठिकाणचा, असं मात्र चालू देऊ नका.

आता एका पार्टीचं लेजर घेऊ. आकडे समजायला सोपे केलेत, पण रचना अगदी नेहमी भेटणारी आहे. परदेशी ग्राहकाच्या खात्यात तीन नोंदी आहेत. १२ जानेवारीचं ६०,००० डॉलरचं बिल, ८२.९० दराने, म्हणजे ४९,७४,००० रुपये. ८ मार्चचं ४०,००० डॉलरचं बिल, ८२.१० दराने, ३२,८४,००० रुपये. आणि ५ फेब्रुवारीला आलेले २५,००० डॉलर, ८३.०० दराने, २०,७५,००० रुपये जमा. खात्याची निव्वळ शिल्लक ७५,००० डॉलर आणि ६१,८३,००० रुपये. वर्षअखेरचा दर ८३.४० धरू. कंपनीच्या शीटमध्ये ७५,००० गुणिले ८३.४०, म्हणजे ६२,५५,००० रुपये येतात आणि ७२,००० रुपये फॉरेक्स गेन म्हणून नोंदवलेले दिसतात. गुणाकार बरोबर, वजाबाकी बरोबर. तरी या एका खात्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक शोधायला मी नेहमी एकच युक्ती वापरतो. प्रत्येक बिलाचे रुपये भागिले डॉलर करायचे आणि आलेला दर त्या तारखेच्या संदर्भ दराशेजारी मांडायचा. पुनर्मूल्यांकनाच्या आधीच्या लेजरवर हे करायचं, नंतरच्या लेजरवर केलं तर सगळीकडे ८३.४०च दिसेल. आपल्या उदाहरणात ८ मार्चचा बाजारातला दर ८२.७५ होता असं धरा, पण बिल ८२.१० ने आलंय. असा फरक दिसला की शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरलेला कागद, उघडायचं. बहुतेक वेळा तिथे तोच ८२.१० छापलेला सापडतो, कारण तो सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला दर असतो. कस्टमच्या मूल्यांकनासाठी तो दर असतो, निर्यातीचा वेगळा आणि आयातीचा वेगळा. बिल बनवणारा माणूस शिपिंग बिलाशी रक्कम जुळावी म्हणून तोच दर अकाउंटिंगमध्येही टाकतो. जीएसटी रिटर्नमधला आणि पुस्तकातला आकडा सारखा राहतो, म्हणून सगळ्यांना ते सोयीचंही वाटतं.

एका कंपनीत माझ्याबरोबरच्या आर्टिकलने अकाउंट्स मॅनेजरना हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अहो मॅडम, शेवटी नफ्यात काय फरक पडतो? इकडे विक्री कमी, तिकडे गेन जास्त." एकूण नफ्यापुरतं त्यांचं म्हणणं खरं होतं. आपल्या उदाहरणात विक्री २६,००० रुपयांनी कमी दिसते आणि तेवढेच रुपये फॉरेक्स गेनमध्ये जाऊन बसतात. पण विक्रीचा आकडा चुकतो, ग्रॉस मार्जिन चुकतं, आणि रुपयाच्या हालचालीतून कंपनीने किती कमावलं याचं चित्र फुगतं. एका बिलाचे २६,००० किरकोळ वाटतील, पण वर्षभराची सगळी निर्यात अशीच नोंदवलेली असते, आणि कस्टमचा निर्यात दर सहसा बाजारापेक्षा खालीच असतो. त्यामुळे चुका एकाच दिशेने साचत जातात, एकमेकींना खोडत नाहीत. म्हणून एक सापडली की त्या पार्टीवर थांबू नका, महिन्यागणिक सरासरी दर काढून पूर्ण वर्षाची रक्कम किती होते ते बघा. महिन्याचा किंवा आठवड्याचा सरासरी दर वापरणं मानकांना मान्य आहे, दरात मोठी चढउतार नसेल तर. कस्टमच्या दराची सरासरीशी तुलना करायला बसाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

दुसरी चूक जास्त खोल आहे, आणि नवख्यांकडून हमखास सुटते. फेब्रुवारीत आलेले २५,००० डॉलर आधीच्या बिलाचे नव्हते, ते मे महिन्यात पाठवायच्या मालाचे आगाऊ पैसे होते. लेजरमध्ये ते फक्त जमा बाजूला दिसतात, त्यामुळे सिस्टीम त्यांना वसुली समजून निव्वळ शिल्लक काढते. पण या अ‍ॅडव्हान्सची परतफेड डॉलरमध्ये होणार नाही, माल देऊन होणार आहे. म्हणजे तो मॉनेटरी आयटम नाही, आणि त्याचं पुनर्मूल्यांकन करायचं नाही. तो ८३.०० नेच राहतो. इंड एएस २१ च्या परिशिष्टात तर स्पष्ट म्हटलंय, की मेमध्ये माल गेल्यावर त्या २५,००० डॉलरची विक्रीसुद्धा अ‍ॅडव्हान्स आला त्या दिवसाच्या दराने धरायची.

मग बरोबर हिशोब असा होतो. येणं पूर्ण १,००,००० डॉलर, ८३.४० ने ८३,४०,००० रुपये. दोन्ही बिलं योग्य दराने ४९,७४,००० आणि ३३,१०,०००, एकूण ८२,८४,०००. गेन ५६,००० रुपये, आणि विक्रीत २६,००० ची वाढ. दोन्ही मिळून ८२,०००. कंपनीने घेतले होते ७२,०००. मधले १०,००० म्हणजे अ‍ॅडव्हान्सवर उगाच धरलेला तोटा, २५,००० डॉलरवर ४० पैशांनी. ताळेबंदात तर फरक याहून ठळक आहे. येणी ६२,५५,००० नव्हे, ८३,४०,००० दाखवायची आणि २०,७५,००० चा अ‍ॅडव्हान्स देण्यांच्या बाजूला वेगळा.

हे ओळखायचं कसं? बँकेच्या इनवर्ड रेमिटन्सच्या कागदावर पैसे कशासाठी आले त्याचा पर्पज कोड असतो, तिथे निर्यातीचा अ‍ॅडव्हान्स की वसुली ते कळतं. पार्टीची ऑर्डर आणि ३१ मार्चनंतर गेलेला माल यांच्याशी तो पैसा जोडून बघायचा. एक अपवाद विसरू नका. ऑर्डर रद्द झालीय आणि पैसे परत करायचे ठरलंय, तर ते आता डॉलरमधलं देणं झालं, त्याचं पुनर्मूल्यांकन करावंच लागतं. म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेले अ‍ॅडव्हान्स दिसले की ऑर्डर जिवंत आहे का, हे आधी विचारायचं.

देण्यांच्या बाजूलाही तर्क तोच. परदेशी एजंटचं कमिशन किंवा आयात मालाचे द्यायचे पैसे पुन्हा मोजायचे, पुरवठादाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स तसाच ठेवायचा. येनमधलं देणं असेल तर जरा थांबा. एफबीआयएलचा येनचा दर शंभर येनमागे असतो. कुणी तो एका येनचा म्हणून लावला तर देणं शंभरपट होतं. तेवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते, पण उलट बाजूने शंभरने दोनदा भागलेलं छोटं देणं यादीत निमूट पडून राहतं. रुपये भागिले येन केलं की तेही लगेच बाहेर येतं.

शिल्लक छोटी आहे म्हणून सोडून देऊ नये असा आणखी एक प्रकार आहे. परदेशी बँक वाटेत वीस-पंचवीस डॉलर कापून घेते, आणि लेजरमध्ये फक्त हाती आलेली रक्कम जमा होते. मग बिलाचे ते पंचवीस डॉलर येणं म्हणून उरतात आणि दर मार्चला त्यांचं इमानेइतबारे पुनर्मूल्यांकन होतं. जुन्या बिलांवर अशा शेपट्या ओळीने दिसल्या तर ती येणी नाहीत, बँकेचा खर्च आहे. ऑडिटच्या दृष्टीने याहून वाईट उलटा प्रकार, डॉलरमध्ये शिल्लक शून्य आणि रुपयांत काहीतरी उरलेलं. तिथे वसुलीच्या दिवसाचा फरक नोंदवलेलाच नसतो.

शेवटची तपासणी पुढच्या वर्षाच्या पुस्तकात करायची असते, आणि मार्चचं ऑडिट मे-जूनमध्ये चालतं म्हणून ती सहज जमते. जानेवारीचं बिल घ्या. ८२.९० ने नोंद, मार्चअखेर ८३.४० ने मोजलं, म्हणजे ३०,००० चा गेन गेल्या वर्षात आला. २० एप्रिलला पैसे ८३.३० ने आले. तर एप्रिलमध्ये ६,००० चा तोटा यायला हवा. काही कंपन्या १ एप्रिलला मार्चची नोंद उलटी फिरवतात. मग वसुलीच्या दिवशी २४,००० चा गेन दिसतो, उलट्या नोंदीच्या ३०,००० सोबत वाचला की तोही बरोबरच. पण नोंद उलटी फिरवलेली नाही आणि सिस्टीम मूळ बिलाच्या दराशी तुलना करून २४,००० चा गेन घेतेय, असं दिसलं तर ३०,००० दोन वर्षांत दोनदा नफ्यात आले. मोठ्या पार्टीची चार-पाच बिलं निवडा आणि बँकेत आलेले रुपये वजा मूळ नोंदीचे रुपये, एवढंच काढा. दोन्ही वर्षांतल्या फरकांची बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर क्लायंटकडे सिस्टीमची सेटिंग्ज मागा आणि त्यातली पुनर्मूल्यांकनाची नोंद आपोआप फिरते की हाताने, हे स्वतः उघडून बघा.