केळीच्या धाग्याचं कंपोझिट: शीट ओतण्याआधीची तयारी

पुण्यात शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जुलैत ठरतात आणि पहिली शीट ऑगस्टमध्ये ओतली जाते, म्हणजे हवेत सगळ्यांत जास्त ओल असते नेमकी तेव्हा. आमचा धागा ओव्हनमधून कोरडा निघाला होता. मग तो रात्रभर लॅबच्या टेबलावर उघडा राहिला, सकाळी त्यावर रेझिन पडलं, आणि शीट बुडबुड्यांनी पांढुरकी झाली. तिचे आकडे अहवालात घालण्याच्या लायकीचे नव्हते. पुढच्या बॅचचं तसं होऊ नये म्हणून ही यादी. यातलं बाकी काही राहिलं तरी सावरता येईल, पण वाळवल्यानंतर धागा बंद ठेवणं आणि रेझिन घालण्याच्या आधी त्याचं पुन्हा वजन करणं, हे राहिलं तर पुढची सगळी मेहनत फुकट आहे.

आधी प्रश्न एकच ठेवा. केळी, काथ्या, दोन्हींचं मिश्रण, तीन प्रमाणं आणि दोन प्रक्रिया असं सगळं एका सत्रात होत नाही. काथ्यात लिग्निन भरपूर असतं. तो तुटण्याआधी पंधरा-वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त ताणला जातो, तर इपॉक्सी त्याच्या कितीतरी आधी तुटतं. त्यामुळे ताणाच्या चाचणीत काथ्याकडून मजबुतीची फार अपेक्षा धरू नका, आघाताच्या चाचणीसाठी तो घ्यायला हरकत नाही. केळीच्या धाग्यात सेल्युलोज जास्त असतं आणि तो दोन-तीन टक्क्यांतच तुटतो, म्हणून मजबुती मोजायची तर केळी घ्या. मी धरून चालतो की प्रश्न असा आहे: वजनाने २० टक्के केळीचा धागा, एकदा साधा आणि एकदा कॉस्टिकमध्ये भिजवलेला, फरक किती पडतो? याच्या जोडीला धागा न घातलेल्या नुसत्या इपॉक्सीची एक शीट हवीच. तोकडे, विस्कळीत धागे घातल्यावर मजबुती नुसत्या इपॉक्सीपेक्षा कमीही येऊ शकते, आणि ती शीट नसेल तर हे तुम्हाला कळणारच नाही.

धागा जळगावकडून मागवा. रावेर-यावलच्या भागात घड उतरवल्यावर उरलेल्या खांबांतून मशीनवर धागा काढणारे आहेत. हातात घेऊन बघा, धाग्याला गर चिकटलेला असेल तर विंचरून काढा. लागेल त्याच्या दुप्पट घ्या, कारण कॉस्टिकमध्ये वजन घटतं आणि विंचरण्यातही जातं.

कॉस्टिकचं थोडक्यात: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. हातमोजे आणि गॉगल हवेतच. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमचं अजिबात नको, कारण कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सुटतो. दोन ते चार तास भिजवा, पण जो वेळ ठरवाल तो सगळ्या धाग्याला सारखा. मग धूत राहा. शेवटी पातळ ॲसेटिक ॲसिडमधून काढून पुन्हा पाण्यात, आणि लाल लिटमस निळा व्हायचा बंद होईपर्यंत धूत राहा.

आता वाळवणं. साधा धागाही वाळवायचा, फक्त भिजवलेलाच नाही. हा मुद्दा बहुतेक गटांच्या लक्षातच येत नाही, कारण साधा धागा हाताला कोरडाच लागतो. केळीचा धागा दमट हवेत आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतो आणि तरी ओला वाटत नाही. ट्रेमध्ये पातळ पसरा, जुडी तशीच ठेवली तर बाहेरचा थर वाळतो आणि आत ओल राहते. ओव्हन ८० अंशांवर. किती तास, हे घड्याळाला विचारू नका, वजनकाट्याला विचारा: दर तासाला वजन घ्या आणि लागोपाठच्या दोन वजनांत फरक जवळजवळ शून्य झाला की धागा वाळला. तो आकडा ट्रेवर मार्करने लिहा.

आणि मग लगेच, गरम असतानाच, धागा जाड झिप पिशवीत किंवा डेसिकेटरमध्ये, सिलिका जेलसोबत. जेल निळं असायला हवं, गुलाबी झालं असेल तर तेही आधी ओव्हनमध्ये. पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड जसा मऊ पडतो तसंच या धाग्याचं होतं, फक्त इथे बोटांना काही कळत नाही. "दहा मिनिटांत ओततोच आहोत" म्हणून पिशवी उघडी ठेवू नका. मोल्डला मेण लावायचं राहिलेलं असतं, हार्डनर सापडत नाही, कोणीतरी चहाला गेलेलं असतं, आणि तेवढ्यात धागा पाणी ओढतो. मोल्ड तयार, रेझिन मोजलेलं, सगळे जागेवर, तेव्हाच पिशवी उघडा. उघडल्यावर पहिलं काम वजन. ट्रेवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांनी जरी जास्त भरलं तर धागा परत ओव्हनमध्ये आणि ओतणं उद्यावर. वाईट वाटेल, पण उद्यावर.

एवढा आग्रह का, ते एका शीटच्या हिशोबातून बघा. मोल्ड ३०० बाय ३०० मिलिमीटर, जाडी ३, म्हणजे २७० घनसेंटिमीटर. केळीच्या धाग्याची घनता साधारण १.३५ आणि घट्ट झालेल्या इपॉक्सीची १.१५ धरली, तर २० टक्के धाग्याच्या शीटची घनता १.१८५ येते आणि वजन ३२० ग्रॅम. त्यात धागा ६४ ग्रॅम, रेझिन आणि हार्डनर मिळून २५६. आता दमट धागा ६४ ग्रॅम मोजला आणि त्यात कोरड्या वजनाच्या दहा टक्के पाणी असेल, तर खरा धागा ५८ ग्रॅमच आहे. तुमचे २० टक्के साडेअठरावर आले. हे तरी चालवून घेता येईल. पण उरलेलं जवळपास ६ ग्रॅम पाणी शीटमध्ये गेलं. इपॉक्सी घट्ट होताना तापतं, त्या उष्णतेने यातलं थोडं पाणी जरी वाफ झालं तरी तिला बाहेर पडायला वाट नसते. ती धाग्याला चिकटून पोकळ्या करते, आणि जिथे रेझिनने धागा पकडायचा तिथेच पकड सुटते. तुम्ही मोजायला निघालात कॉस्टिकचा परिणाम, आणि मोजून आलात ओलीचा.

झालेली चूक ओळखताही येते. शीट निघाल्यावर कडेचा एक तुकडा कापा, वजन आणि मापं घेऊन घनता काढा. हिशोबाने १.१८५ यायला हवी होती आणि १.१२ आली, तर साडेपाच टक्के जागा पोकळ आहे. अशी शीट चाचणीला नेऊ नका, पुन्हा ओता. तुटलेल्या पट्टीतही दिसतं: धागे स्वच्छ, उघडे, रेझिनचा कणही न लागलेले बाहेर आले असतील तर पकड झालेलीच नव्हती.

ओतण्याबद्दल. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर घेणार असाल तर वजनाने दहास एक, म्हणजे वरच्या शीटला २३३ ग्रॅम रेझिन आणि २३ ग्रॅम हार्डनर, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. अंदाजाने हार्डनर जास्त घालून लवकर घट्ट करायला जाऊ नका. सगळं एकाच मगमध्ये कालवलं तर ते तापून मगमध्येच गोठू लागतं, दोन भागांत कालवा आणि हळू ढवळा. हार्डनरची बाटलीही ओल ओढते, झाकण लगेच लावा. मोल्डला मेण, वर मायलर, कडेला ३ मिलिमीटरचे स्पेसर. धाग्याचे १६ ग्रॅमचे चार भाग करा आणि एकेक थर पसरा, म्हणजे एका कोपऱ्यात ढीग होत नाही. रोलर, वरची काच, वजन, २४ तास. कडेने रेझिन बाहेर येणारच, म्हणून शीट साफ केल्यावर तिचं वजन घ्या आणि कोरड्या धाग्याच्या वजनावरून खरं प्रमाण काढा. कोरडं वजन लिहिलेलं नसेल तर हे प्रमाण काढताच येत नाही. बघा, पुन्हा तिथेच आलो.

कापताना वॉटरजेट नको. भोसरीत कोणी सहज कापून देईल, पण पाणी कापलेल्या कडेतून थेट धाग्यात शिरतं. लेझरने कडा जळतात. बारीक दाताची करवत आणि मग पॉलिश पेपर. ताणासाठी एएसटीएम डी ३०३९ प्रमाणे २५० बाय २५ च्या किमान पाच पट्ट्या. कापल्या की त्याही झिप पिशवीत.

मशीन आधी बघून ठेवा. पट्टीचं क्षेत्रफळ ७५ चौरस मिलिमीटर, मजबुती ४० मेगापास्कलच्या आसपास धरली तर ती ३ किलोन्यूटनला तुटेल. सळ्या तोडायचं ४०० किलोन्यूटनचं यूटीएम इथे कामाचं नाही, तुमचं सगळं वाचन त्याच्या तळच्या एका टक्क्यात येईल. १० किंवा २० किलोन्यूटनचा लोडसेल असलेलं मशीन शोधा आणि तारीख महिनाभर आधी घ्या. वेग मिनिटाला २ मिलिमीटर. ग्रिपमध्ये पट्टीला एमरी पेपर. जबड्यातच तुटलेली पट्टी मोजायची नाही. वाकवण्याची चाचणी डी ७९० प्रमाणे, आधारांमधलं अंतर जाडीच्या सोळापट, म्हणजे ४८ मिलिमीटर. जाडी प्रत्येक पट्टीची वेगळी मोजा.

निकालात सरासरीसोबत प्रमाण विचलन द्या. फोटो तुटल्या तुटल्या काढा, पट्ट्यांवर नंबर ओतण्याच्या दिवशीच घाला, आणि वहीत प्रत्येक शीटपुढे तीन आकडे: ओव्हनमधून निघतानाचं वजन, रेझिन घालण्याआधीचं वजन, आणि शीटचं वजन. मधला रकाना रिकामा असेल तर त्या शीटच्या पट्ट्या यूटीएमकडे नेऊ नका.