कानशिलावरचे केस विरळ झालेत? घट्ट बांधणीमुळे की दुसऱ्या कारणानं, हे घरी कसं तपासावं

केस रोज त्याच दिशेनं ओढून बांधले की मुळाभोवतीची त्वचा आधी दुखावते आणि लाल होते. मग केस सैल होऊन गळतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर केसाचं मूळ बुजतं आणि तिथे पुन्हा केस उगवत नाही. या गळतीला त्वचारोगतज्ज्ञ ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. तिची पहिली नोंद १९०७ साली ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या मुली आणि बायकांबद्दल झाली. पुढे ती आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या बारीक घट्ट वेण्यांत, शीख पुरुषांच्या जुड्याखाली आणि दाढीतही दिसली. आपल्याकडे गणवेशाबरोबरच्या दोन करकचून घातलेल्या वेण्या, नोकरीतला जाळीचा अंबाडा, उंच पोनी आणि जड गंगावन किंवा एक्सटेन्शन यांच्याकडे आधी पाहावं.

आधी उजेड आणि फोटो

केस धुवून पूर्ण वाळवा, तेल लावू नका आणि रात्रभर मोकळे ठेवा. सकाळी खिडकीजवळ बसून दुसऱ्या कुणाकडून फोनवर फोटो काढून घ्या: कपाळ समोरून, दोन्ही कानशिलं, डोक्याचा माथा वरून आणि मानेची कड. कपाळाचा फोटो काढताना केस हातानं हलकेच मागे धरा. आरशात स्वतःच बघायला गेलं तर कानाच्या वरचा भाग नेमका निसटतो, आणि ही गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

कडेचे बारीक केस नीट पाहा

फसगत होते ती इथे. कपाळाच्या अगदी कडेला बारीक, आखूड केसांची झालर दिसते, तिच्या मागे विरळ पट्टा आणि त्याच्या मागे नेहमीचे दाट केस. झालर पाहून ‘नवीन केस येतायत’ असं वाटतं आणि बांधणी तशीच चालू राहते. खरं तर हे केस आधीपासून तिथेच होते. पोनीत किंवा वेणीत अडकण्याइतके ते लांब नाहीत, म्हणून ताणातून सुटले. ताण बसला तो त्यांच्या मागच्या लांब केसांना. झालर आणि तिच्यामागे विरळ पट्टा अशी जोडी दिसली, तर ताणाची शंका बळावते. खरंच नवे केस येत असतील तर ते त्या पट्ट्याच्या आत, विखुरलेले आणि दर महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढणारे दिसतील. म्हणून त्याच जागेचा, त्याच उजेडातला फोटो दर महिन्याला काढावा.

पुटकुळ्या आणि पांढरी नळी

केसाच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढ्या लाल किंवा पांढऱ्या टोकाच्या पुटकुळ्या दिसत असतील, तर दुखावणं अजून चालू आहे. नवी वेणी घातल्यावर एक-दोन दिवसांत त्या उठतात, हात लावला की दुखतात. हे लक्षण लवकरचं असतं आणि या टप्प्यावर थांबलं तर बहुतेक केस परत येतात. पुटकुळ्या फोडू नका आणि त्यांवर तेल चोळू नका. तेलानं ओढ कमी होत नाही, उलट चोळताना दुखऱ्या मुळांना पुन्हा धक्का बसतो. पू असेल किंवा दुखणं वाढत असेल तर डॉक्टर लावायला प्रतिजैविक किंवा थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइडचं औषध देतात. असं स्टेरॉइड दुकानातून स्वतः आणून लावू नये.

दुसरी खूण म्हणजे केसाभोवती बसलेली बारीक पांढरी नळी. ती लीख किंवा कोंडा वाटते. चिमटीत धरून ओढून बघा: लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, ही नळी मात्र केसावरून मण्यासारखी सरकते. उवांचं औषध लावून ती जाणार नाही.

गळतीचा नकाशा बांधणीशी जुळवा

समजा, एक नर्स सहा वर्षं रोज दहा तास केस मागे ओढून अंबाडा बांधते. भांग डावीकडे, त्यामुळे उजवीकडचे केस भांगावरून लांब वळून मागे ताणले जातात. तिचं उजवं कानशील जास्त विरळ असेल, झालर शिल्लक असेल आणि माथा जवळपास दाट असेल, तर नकाशा जुळला. अंबाडा सोडल्यावर डोकं हलकं वाटतं, हेही तिला आठवेल. मात्र दुखलं नाही म्हणून ताण नव्हता, असं समजू नये. मुळांना सवय झाल्यासारखं वाटतं, गळती थांबत नाही.

जुळत नसेल, तेव्हा

भांग वरून रुंद होत चाललाय आणि पुढची कड जागेवर आहे, हे बायकांमधल्या आनुवंशिक गळतीचं नेहमीचं चित्र. ताप, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पूर्ण डोक्यावरून मूठभर केस येत असतील तर ती वेगळी गळती. तिच्यात कड एकटी विरळ होत नाही. एक-दोन गोल, गुळगुळीत चट्टे म्हणजे चाई असू शकते. ती कधीकधी मानेच्या आणि कानाच्या कडेनं पट्ट्यासारखी पसरते, म्हणून घट्ट बांधणीचा भास होतो. पण बांधणी सैल असूनही ती वाढते. मुलाच्या डोक्यावर खवले आणि तुटके केस असतील तर आधी नायट्याची तपासणी करून घ्या, त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं.

सर्वांत जास्त गल्लत होते ती फ्रंटल फायब्रोजिंग अ‍ॅलोपेशियाशी. ही बहुधा पाळी थांबल्यानंतरच्या वयात येते आणि कपाळाची कड पट्ट्यासारखी मागे सरकवते. दोन फरक लक्षात ठेवा. हिच्यात झालर सहसा राहत नाही, कपाळ थेट गुळगुळीत दिसतं आणि क्वचित एखादाच लांब केस मागे उरतो. शिवाय भुवयाही विरळ होतात. ही केसाचं मूळ कायमचं बुजवणारी गळती आहे, तेव्हा महिनाभर वाट पाहण्यात अर्थ नाही.

ताणच असेल तर काय करावं

ओढ आजपासून थांबवा. पोनी खाली, मानेजवळ बांधा. आरशात पाहताना कपाळाची त्वचा ताणलेली दिसली किंवा भुवया वर खेचल्यासारख्या वाटल्या तर पोनी सोडून पुन्हा सैल बांधा. बारीक रबराऐवजी कापडी पट्टी वापरा, भांगाची आणि पोनीची जागा बदलत राहा. ओले केस ताणून बांधू नका, ओला केस लवकर तुटतो. एक्सटेन्शन लावायचंच असेल तर दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका आणि दोनदा लावण्यात काही आठवडे जाऊ द्या. केस सरळ करणारं रसायन आणि घट्ट बांधणी एकत्र सर्वांत वाईट.

मिनॉक्सिडिल या औषधानं केस परत आल्याच्या नोंदी आहेत, पण त्या थोड्याच. डॉक्टरांना विचारून वापरा, गरोदरपणात आणि दूध पाजताना नको. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते, म्हणून लगेच बंद करू नका. फरक कळायला तीन ते सहा महिने लागतात.

विरळ जागेवर फोन झूम करून त्वचा पाहा. तिथे केसांची बारीक छिद्रं दिसत असतील तर आशा आहे. त्वचा गुळगुळीत, चकचकीत आणि छिद्रंच नसतील तर मूळ बुजलं असण्याची शक्यता असते. खात्री मात्र त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या डर्मोस्कोपनं किंवा त्वचेचा छोटा तुकडा तपासून होते. अशा जागी केसप्रत्यारोपण करता येतं, पण आधी महिनोन्‌महिने बांधणी सैल राहिलेली हवी. लावलेल्या केसांवरही पुन्हा तीच ओढ पडली तर तेही गळू शकतात.